मोठा नग महाग का वाटतो?

जॉन डिअर ही अमेरिकेची ट्रॅक्टर कंपनी. 1980च्या दशकात आयोवातल्या तिच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला एक विचित्र अनुभव येत होता. भाव द्यावेत, तर मोठ्या संख्येचे भाग हातचे जात आणि थोड्या संख्येचे, कटकटीचे भाग मात्र पदरात पडत. रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. दोष यंत्रांत नव्हता, ओव्हरहेड वाटण्याच्या पद्धतीत होता.

एक छोटा हिशेब मांडू. समजा, एका वर्कशॉपचा महिन्याचा ओव्हरहेड 6 लाख रुपये आहे. ‘अ’ भागाचे 9,000 नग निघतात, ‘ब’चे 1,000. प्रत्येक नगाला मशीनचा अर्धा तास लागतो, म्हणजे एकूण 5,000 तास. जुन्या पद्धतीने तासाला 120 रुपये दर येतो आणि दोन्ही भागांवर नगामागे सारखेच 60 रुपये बसतात. माल आणि मजुरीचे 100 धरले की प्रत्येकाचा खर्च 160. ‘अ’ 170ला विकला जातो, ‘ब’ 220ला. मालक साहजिकच ‘ब’च्या ऑर्डरी शोधत फिरतो.

आता अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग विचारते, की हे 6 लाख कोणत्या कामांवर गेले? मशीन चालवण्यावर 3 लाख, सेटिंगवर 2 लाख, तपासणीवर 1 लाख. मशीनचा खर्च तासांवरच वाटायचा, नगामागे 30 रुपये. सेटिंग मात्र महिन्यात 40 वेळा झाले, एका वेळेला 5,000 रुपये. त्यातली 30 सेटिंग्ज एकट्या ‘ब’साठी, कारण त्याचे लॉट जेमतेम 33 नगांचे. तपासण्या 50 झाल्या, दर 2,000 रुपये. त्यातल्याही 30 ‘ब’च्याच. बेरीज केली, तर ओव्हरहेड ‘अ’वर नगामागे 40 रुपये येतो, ‘ब’वर 240. म्हणजे ‘अ’ला 30 रुपये नफा आणि ‘ब’ला 120 रुपये तोटा. महिन्याचा एकूण नफा दोन्ही हिशेबांत दीड लाखच राहतो. ‘ब’चा भार इतके दिवस ‘अ’ वाहत होता, एवढेच उघड होते.

पण म्हणून ‘ब’ लगेच बंद करू नका. सेटरचा पगार आणि मशीनचा घसारा त्यामुळे थांबत नाही. ते 240 रुपये सगळे वाचत नाहीत. शिवाय जागेच्या भाड्यासारखा खर्च कोणत्याच कामाला नीट चिकटत नाही, तो अंदाजानेच वाटावा लागतो. आणि एकच माल काढणाऱ्या वर्कशॉपला तर हा खटाटोप करायची गरजच नाही.

खरा उपाय लॉटमध्ये आहे. ‘ब’चे लॉट 100 नगांचे झाले, तर सेटिंगचा भार नगामागे 150वरून 50वर येतो. सेटरचा मोकळा झालेला वेळ दुसऱ्या कामाला लावता आला, तरच ती बचत हातात पडते. तेव्हा पुढचे कोटेशन देताना सेटिंगचे पैसे वेगळे लिहा आणि मोठ्या लॉटला कमी भाव द्या.