एका बरोबर चिन्हाची चोरवाट

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. फाइल होती `kernel/exit.c`, आणि ओळी अशा:

```c
if ((options == (__WCLONE|__WALL)) && (current->uid = 0))
        retval = -EINVAL;
```

भरभर वाचणाऱ्याला यात काही वावगे दिसत नाही. एका प्रोग्रॅमने आपल्या उपप्रोग्रॅमचे काम संपण्याची वाट पाहायची असते, तेव्हा तो `wait4` नावाची सोय वापरतो. त्या सोयीच्या कामात भर घातलेली ही तपासणी आहे. 'कुणी हे दोन विचित्र पर्याय एकत्र दिले आणि तो वापरकर्ता शून्य क्रमांकाचा असला, तर चुकीची विनंती म्हणून परत पाठवा,' असे ती म्हणतेय असे वाटते. लिनक्समध्ये शून्य क्रमांक रूटचा असतो. यंत्रावर ज्याला काहीही करायची मुभा आहे, तो हा वापरकर्ता.

आता `uid` च्या पुढे नीट पाहा. पहिल्या अर्ध्या भागात दोन बरोबर चिन्हे आहेत, दुसऱ्या भागात एकच. सी भाषेत `==` म्हणजे 'सारखे आहे का?' हा प्रश्न, तर `=` म्हणजे 'ही किंमत त्यात ठेव' हा हुकूम. म्हणजे वापरकर्ता रूट आहे का हे इथे कुणी विचारतच नाही. त्याला थेट रूट करून टाकले जाते.

पुढची करामत जास्त धोकादायक आहे. सी भाषेत किंमत ठेवण्याच्या क्रियेलाही स्वतःची किंमत असते: जे ठेवले तेच. इथे शून्य ठेवले, म्हणून कंसाची किंमत शून्य, आणि `if` च्या लेखी शून्य म्हणजे 'खोटे'. त्यामुळे खालची चूक कळवणारी ओळ कधीच चालत नाही. प्रोग्रॅम काही घडलेच नाही अशा थाटात पुढे जातो. आणि `&&` चा नियम असा की डावी बाजू खोटी निघाली तर उजवीकडे पाहायचेच नाही. तेव्हा ती विचित्र जोडी न देणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅमांना काहीच होत नाही. जोडी ठाऊक असलेल्याला मात्र यंत्राच्या किल्ल्या मिळतात.

कंपायलर ओरडला नसता का? साध्या `if (x = 0)` वर जीसीसी `-Wall` दिल्यास इशारा देतो. पण मुद्दाम असे लिहिणाऱ्यांसाठी पळवाट आहे: किंमत ठेवण्याच्या क्रियेभोवती जादा कंस घातला की 'हे जाणूनबुजून आहे' असे समजून तो गप्प बसतो. वरच्या ओळीत तो कंस `&&` मुळे घालावाच लागतो, नाहीतर कोड कंपाइलच होत नाही. त्यामुळे त्याच्याकडे बघून कुणाला संशय येत नाही.

ही सोय भाषेत ठेवली तरी कशाला, असा प्रश्न पडेल. सीच्या आधीची बी भाषा घडवताना केन थॉम्प्सन यांनी हिशेब केला की प्रोग्रॅममध्ये किंमत ठेवण्याचे काम तुलनेपेक्षा कितीतरी जास्त वेळा येते. मग छोटे चिन्ह त्याला द्यावे. अल्गॉल भाषेत त्यासाठी `:=` होते, तिथे हा घोळ होत नसे. शिवाय `while ((c = getchar()) != EOF)` ही सोयीची ओळ सी लिहिणारे रोज वापरतात. अक्षर वाचून ते ठेवायचे आणि तपासायचे, हे सगळे एकाच दमात.

जावास्क्रिप्टने हीच चिन्हे घेतली, आणि तिथे परिस्थिती अधिक नाजूक आहे.

```js
let role = "guest";
if (role = "admin") {
  showAccounts();
}
```

रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला इथे 'खरी' मानली जाते, म्हणून पाहुण्यालाही हिशेब दिसतात. एवढ्यावर भागत नाही. `role` आता कायमचा `"admin"` झाला, त्यामुळे पुढची अचूक लिहिलेली तपासणीही फसते. चूक एका ठिकाणी आणि लक्षण भलतीकडे, म्हणून शोधणारा तासन्‌तास चुकीच्या ओळीकडे पाहत बसतो. ब्राउझर काहीच बोलत नाही. `let` च्या जागी `const` असते, तर ती ओळ चालताच चूक दिसली असती. ईएसलिंटचा `no-cond-assign` नियम ही ओळ पकडतो, पण जादा कंसाची सवलत तोही देतो. ती बंद करायची तर त्याला `"always"` सांगावे लागते.

काही जण तुलना उलटी लिहितात: `0 == uid`. एक चिन्ह राहिले तर `0 = uid` होते आणि कंपायलर ते नाकारतो. चुकून होणाऱ्या चुकीवर हा चांगला उतारा आहे. पण दोन्हीकडे व्हेरिएबल असले तर तो लागू पडत नाही, आणि लिनक्समधल्या त्या ओळी लिहिणारा तर असे कधीच लिहिणार नव्हता.

त्या ओळी पकडल्या गेल्या त्या वेगळ्याच कारणाने. कर्नलचे मूळ भांडार तेव्हा बिटकीपर या व्यवस्थेत होते, आणि सीव्हीएसमध्ये त्याची आपोआप तयार होणारी प्रत असे. बदल फक्त त्या प्रतीत झाला होता. बिटकीपरचे लॅरी मॅकव्हॉय यांना दिसले की या बदलाची मूळ भांडारात नोंदच नाही. मग कर्नलचे जाणकार त्या दोन ओळी सावकाश वाचू लागले, आणि तेव्हा ते एकटे बरोबर चिन्ह नजरेस पडले.