आठ दिवसांत कुटजारिष्ट : नकार कसा द्यावा आणि नकारासोबत काय द्यावे

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील महापूर कोल्हापूरकर विसरणे शक्य नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पूर ओसरताच गावोगावी गढूळ पाण्याची भीती उभी राहिली आणि अतिसारावरील औषधांची मागणी एकाएकी वाढली. अशातच १९ ऑगस्टला आमच्याकडे नेहमी औषधे घेणाऱ्या एका संस्थेच्या व्यवस्थापकांचा दूरध्वनी आला. ४५० मिलिलिटरच्या ५०० बाटल्या कुटजारिष्ट २७ तारखेपर्यंत हवे होते. पूरग्रस्त गावांत मोफत वाटप करावयाचे होते. "वैद्यराज, पैशाची काळजी करू नका, माल मात्र वेळेवर द्या," असे ते म्हणाले.

कार्य पुण्याचे, ग्राहक जुना आणि रक्कम मोठी. तरीही आम्ही नकार दिला. असा प्रसंग लहान औषधनिर्मात्यांवर दर पावसाळ्यात येतो, म्हणून त्यामागचा हिशोब येथे मांडत आहोत.

हिशोब कागदावर

शार्ङ्गधरसंहितेतील पाठाप्रमाणे कुड्याची साल १ तुळा म्हणजे ४.८ किलो, मनुका त्याच्या निम्म्या, मोहाची फुले व शिवण प्रत्येकी १० पळे, गूळ १ तुळा आणि धायटीची फुले २० पळे घ्यावयाची असतात. पाणी ४ द्रोण घालून १ द्रोण, म्हणजे सव्वाबारा लिटरच्या आसपास, उरवावयाचे. गूळ मिसळल्यावर व गाळ वजा जाता एका पाठातून आमच्या हाती साधारण १३ लिटर अरिष्ट येते. ५०० बाटल्यांना २२५ लिटर लागणार, म्हणजे पाठाच्या १८ पट : सुमारे ८६ किलो साल आणि ८८५ लिटर पाणी, ते आटवून २२१ लिटर करावयाचे. आमच्या भट्टीवर एवढ्याच कामाला चार दिवस लागतात.

त्यापूर्वी साल हवी. घाईत जमवलेल्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ नेहमी सापडते. पांढऱ्या कुड्याची साल जिभेवर टेकवताच जहाल कडू लागते, काळ्या कुड्याची तशी लागत नाही. ही पहिली परीक्षा आम्ही पोत्यागणिक करतो. गुळाचेही तसेच. हायड्रॉस घालून पिवळाधमक केलेला गूळ दिसायला सुंदर असतो, पण त्यातील गंधकाचा अंश संधानाला मारक ठरतो. काळसर, जुना, रसायनविरहित गूळ ऑगस्टमध्ये शोधावा लागतो, कारण गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास सुरू होतात.

यानंतर संधान. पाठातच एक मास सांगितला आहे. उन्हाळ्यात काम थोडे लवकर आटोपते, परंतु श्रावण-भाद्रपदातील आपल्या गारठ्यात पस्तीस-चाळीस दिवसही लागतात. जुन्या अरिष्टाचा तळ विरजणासारखा घातल्यास प्रारंभ दोन-तीन दिवस लवकर होतो, शेवट मात्र तेवढ्या प्रमाणात अलीकडे येत नाही.

घाई केल्यास काय होते

अपुरे संधान ओळखणे कठीण नाही. पिंपाला कान लावल्यास खदखद ऐकू येते, धायटीची फुले वर तरंगत असतात, पेटलेली काडी तोंडाशी नेताच विझते आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यास ती दुधाळ होते. ही लक्षणे थांबून विशिष्ट गुरुत्व लागोपाठ तीन दिवस स्थिर राहिले, की मगच अरिष्ट सिद्ध झाले असे आम्ही मानतो. त्याआधी बाटली भरली तर संधान बाटलीतच चालू राहते. बूच उडते, प्रसंगी बाटली फुटते किंवा द्रव आंबून शुक्त होते. काढ्यात गूळ व बाहेरचा मद्यार्क मिसळून 'अरिष्ट' म्हणणे हा तर उघड अपराध होय. अरिष्टातील मद्यार्क स्वनिर्मितच असला पाहिजे.

नकाराचे शब्द

दूरध्वनीवर 'बघतो' किंवा 'प्रयत्न करतो' असे म्हणणे टाळावे. ऐकणारा त्याचा अर्थ होकार असाच घेतो आणि दुसरीकडे चौकशी करणे थांबवतो. आम्ही त्याच दुपारी पत्र पाठवले. त्याचा मजकूर असा होता :

"आपली मागणी २७ ऑगस्टपर्यंत पूर्ण करणे आम्हास शक्य नाही. अरिष्टाच्या संधानास किमान एक मास लागतो व तो कमी करता येत नाही. आज सुरुवात केल्यास माल १५ ऑक्टोबरला देता येईल. त्याआधी देता येण्यासारखे पर्याय सोबत देत आहोत."

पर्याय चार होते. पहिला, शिल्लक असलेल्या एप्रिलच्या घाणीतील ८४ बाटल्या त्याच दिवशी, घाणीच्या क्रमांकासह. आसवारिष्टे जुनी झाल्याने गुणहीन होत नाहीत, म्हणून हा माल दुय्यम नव्हे. दुसरा, लघुगंगाधर चूर्ण. नागरमोथा, इंद्रजव, बेलफळ, लोध्र, मोचरस व धायटीची फुले ही सहाही द्रव्ये तपासून कोठारात होती आणि चूर्ण आमच्या परवान्यात होते. प्रत्येकी २ किलो घेऊन घट वजा जाता ५० ग्रॅमची सुमारे २२५ पाकिटे चार दिवसांत निघणार होती. तिसरा, ज्या मोठ्या निर्मात्यांकडे सिद्ध अरिष्टाचा साठा असू शकतो त्यांची नावे. तो माल त्यांच्याच वेष्टनात संस्थेने थेट घ्यावा. त्यावर आपले लेबल लावणे नियमात बसत नाही. चौथा, १५ ऑक्टोबरची नवी घाणी, आणि आगाऊ रक्कम केवळ तिच्यासाठी.

पत्राच्या शेवटी एक गोष्ट वैद्य म्हणून लिहिली. साम अवस्थेत प्रारंभीच स्तंभन करू नये, हे आपण सारे जाणतो. कुटजारिष्ट असो वा गंगाधर चूर्ण, घरोघरी सरसकट वाटण्याची ही औषधे नव्हेत. रुग्ण पाहून वैद्यानेच ती द्यावीत. पाण्यासारखे जुलाब, शोष व मूत्राल्पता असलेल्या रुग्णास प्रथम जलसंजीवनी देऊन त्वरित रुग्णालयात पाठवावे. त्या दृष्टीने पाहता त्यांना आठ दिवसांत ५०० बाटल्यांपेक्षा उकळलेले पाणी, जलसंजीवनीची पाकिटे आणि शिबिरात बसणारे चार वैद्य यांची गरज अधिक होती.

पुढे काय झाले

व्यवस्थापक प्रथम रागावले. "इतकी वर्षे माल घेतो, आणि ऐन वेळी हे!" असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ८४ बाटल्या व नंतर चूर्ण नेले आणि आम्ही दोन शिबिरांत बसलो. ऑक्टोबरच्या घाणीतून त्यांनी २०० बाटल्याच घेतल्या. उरलेल्या ३०० बाटल्यांची आगाऊ रक्कम आम्ही परत केली आणि माल आमच्याकडेच राहिला. नकार देऊनही तोटा होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

मात्र त्यातून एक पद्धत लागली. आता दर वर्षी चैत्र-वैशाखात, गूळ निवडून घेता येतो आणि हवा उष्ण असते तेव्हा, कुटजारिष्टाची एक जादा घाणी आम्ही लावतो. आषाढापूर्वी ती बाटल्यांत असते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली, तेव्हा त्याच व्यवस्थापकांचा दूरध्वनी आला. या वेळी त्यांचा पहिला प्रश्न होता, "तयार किती आहे?" कोठारात १९० बाटल्या होत्या. तेवढाच आकडा आम्ही सांगितला.