सीडीवरची बाणांची बेरीज

सीडीवरच्या लगतच्या दोन वळणांमध्ये 1.6 मायक्रोमीटर अंतर असते. तिच्यावर 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर काटकोनात टाकला, तर एक ठिपका सरळ मागे येतो आणि पुढचा ठळक ठिपका थेट 19.4 अंशांवर दिसतो. मधे जवळपास अंधारच.

प्रत्येक वळणाकडून येणारी लहर म्हणजे एक बाण, अर्थात फेजर, समजावा. त्याची लांबी म्हणजे लहरीचा आयाम आणि दिशा म्हणजे तिची कला. बाण टोकाला टोक जोडले की बेरीज मिळते. लगतच्या लहरींच्या मार्गांतला फरक पूर्ण तरंगलांबींचा, म्हणजे d sin θ = mλ असला, की सगळे बाण एका रेषेत येतात. शंभर बाणांची लांबी शंभरपट होते, तेज दहा हजारपट. हेच मुख्य महत्तम.

कोन किंचित बदलला की प्रत्येक बाण आधीच्यापेक्षा थोडा वळतो. साखळीचा एक पूर्ण फेरा झाला की तिची दोन्ही टोके जुळतात आणि तेज शून्य होते.

साधारण दीड फेऱ्यांवर पहिले दुय्यम महत्तम येते. तिथे मूळची लांबी L दीड परिघांत गुंडाळलेली असते. टोकांमधले अंतर वर्तुळाच्या व्यासाएवढे, म्हणजे L/(1.5π), साधारण 21 टक्के. तेज लांबीच्या वर्गावर ठरते, म्हणून ते मुख्य महत्तमाच्या जेमतेम 4.5 टक्के उरते. त्यापुढे साखळी आणखी घट्ट गुंडाळली जाते आणि दोन मुख्य महत्तमांच्या मध्याकडे जाताना दुय्यम महत्तमे आणखी फिकी होतात.