साध्या हेडफोनवर चौफेर आवाज: एक्सबॉक्सची जोडणी आणि परवाना

दोन स्पीकर असलेल्या साध्या हेडफोनवर मागून येणारी पावले मागूनच ऐकू यावीत, हे काम हेडफोन करत नाही, गेम कन्सोल करतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि मोठा ऐकू येतो. दोन्ही कानांतील हे अंतर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. आवाज पुढून आला की मागून, वरून आला की खालून, हे मात्र कानाच्या पाळीच्या वळणांमुळे त्यात होणाऱ्या बारीक बदलांवरून कळते. कन्सोल हेच फरक हिशेबाने तयार करून दोन वाहिन्यांत मिसळतो. त्यामुळे ‘७.१’ असे लिहिलेला महागडा हेडफोन घेण्याची गरज नसते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर यासाठी तीन पर्याय आहेत. ‘विंडोज सॉनिक’ कन्सोलमध्येच असतो आणि मोफत आहे. ‘डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स’साठी Dolby Access आणि ‘डीटीएस हेडफोन:एक्स’साठी DTS Sound Unbound हे ॲप उतरवून घ्यावे लागते. दोन्ही ॲप फुकट मिळतात, पण हेडफोनवरील प्रक्रियेचा परवाना विकत घ्यावा लागतो. तो एकदाच घ्यायचा असतो, दरमहा वर्गणी नसते. खरेदी मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदली जाते, म्हणून त्याच खात्याने विंडोज संगणकावरही ती वापरता येते. काही हेडफोनच्या किमतीत हा परवाना आधीच धरलेला असतो. खोक्यावर तसे लिहिले आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. ॲटमॉसचा आवाज एचडीएमआयने साउंडबार किंवा होम थिएटरला द्यायचा असेल, तर ॲप लागते, हा परवाना लागत नाही.

आता ॲडॉप्टरचा प्रश्न. एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरला खालच्या बाजूस ३.५ मिलिमीटरचे गोल भोक असते. मोबाइलचा वायरवाला हेडफोन त्यात सरळ बसतो आणि वेगळे काही लागत नाही. २०१३ साली एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या पहिल्या कंट्रोलरला मात्र हे भोक नाही. त्याच्या खालच्या चपट्या खाचेत ‘स्टिरिओ हेडसेट ॲडॉप्टर’ बसवावा लागतो. ब्लूटूथ हेडफोन एक्सबॉक्सशी थेट जोडता येत नाही. बिनतारी हवा असेल तर एक्सबॉक्ससाठी बनवलेलाच घ्यावा लागतो.

एक्सबॉक्स सिरीज एस, त्याचा नवा कंट्रोलर आणि वायरवाला हेडफोन एवढे साहित्य असेल, तर आधी प्लग शेवटपर्यंत दाबून बसवावा. मग Settings > General > Volume & audio output येथे जाऊन Headset format मध्ये Windows Sonic for Headphones निवडावे. ॲटमॉस हवा असल्यास आधी Dolby Access उघडून तेथून जोडणी पूर्ण करावी. त्यानंतर गेममधील आवाजाची सेटिंग पाहावी. तिथे ‘स्टिरिओ’ असेल तर गेम कन्सोलला दोनच वाहिन्या देतो आणि मागच्या आवाजाची माहिती वाटेतच गळते, म्हणून सराउंड किंवा होम थिएटर हा पर्याय ठेवावा. गेमची स्वतःची हेडफोन प्रक्रिया असेल, तर गेमची किंवा कन्सोलची, एकच चालू ठेवावी.

तपासणी सोपी आहे. गेममध्ये धबधबा किंवा चालू इंजिन यांसारख्या सतत आवाज करणाऱ्या वस्तूजवळ उभे राहून पात्राला सावकाश पूर्ण गोल फिरवावे. आवाज डोक्याभोवती फिरला तर जोडणी बरोबर आहे. तो फक्त डावी-उजवीकडे सरकत असेल, तर गेमची सेटिंग पुन्हा पाहावी. दोन्ही कानांत अगदी सारखाच आवाज असेल, तर सुलभता विभागातील Mono output चालू राहिला असण्याची शक्यता असते. आवाज बंद खोलीतल्यासारखा घुमत असेल, संवाद दूर गेल्यासारखे वाटत असतील, तर प्रक्रिया दोनदा होत आहे. हेडफोनचे स्वतःचे सराउंड बटण बंद करावे.

प्लेस्टेशन ५ वर ‘टेम्पेस्ट’ ही अशीच प्रक्रिया मोफत मिळते. हेडफोन कंट्रोलरला जोडून Settings > Sound मध्ये Enable 3D Audio for Headphones चालू केले की झाले.

यांपैकी कोणताही पर्याय साधारणपणे सरासरी कानाच्या मोजमापांवर चालतो, आणि प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असते. त्यामुळे डावे-उजवे सगळ्यांना नीट कळते, पण पुढे-मागे आणि वर-खाली यांत अनेकांची गफलत होते. एकाला ॲटमॉस स्पष्ट वाटतो, तर दुसऱ्याला मोफत विंडोज सॉनिकच. म्हणून आधी मोफत पर्यायावर आणि मग ॲपच्या चाचणी मुदतीत त्याच जागी तीच गोल फिरण्याची तपासणी करावी. मागचा आवाज खरोखरच अधिक नेमका कळला, तरच परवान्याचे पैसे भरावेत.