बँकेत वटवलेली हुंडी परत येते तेव्हा

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने पुण्याच्या मसालेवाल्याला 1 एप्रिल 2024 रोजी साठ हजारांची हळद उधारीवर दिली, असे समजा. त्याच दिवशी त्याने तीन महिन्यांचे विनिमय विपत्र लिहिले आणि मसालेवाल्याने सही करून ते स्वीकारले. तीन महिने आणि कायद्याने दिलेले सवलतीचे तीन दिवस धरून देय तारीख 4 जुलै ठरली.

व्यापाऱ्याला मात्र पैसे आधीच हवे होते. त्याने 4 मे रोजी विपत्र बँकेत द.सा. 12 टक्के दराने वटवले. उरलेल्या दोन महिन्यांचा वटाव 1,200 रुपये झाला.

बँक खाते नावे 58,800
वटाव खाते नावे 1,200
प्राप्य विपत्र खात्याला 60,000

मसालेवाल्याच्या वहीत या दिवशी काहीच लिहायचे नाही. विपत्र व्यापाऱ्याकडे असो वा बँकेत, त्याचे देणे तेवढेच राहते.

4 जुलैला मसालेवाल्याने पैसे दिले नाहीत. बँकेने नोटरीकडून अनादराची नोंद करून घेतली, त्याला 200 रुपये लागले. विद्यार्थी चुकतात ते इथेच. काही जण पुन्हा प्राप्य विपत्र खाते जमा करतात, पण ते तर 4 मे रोजीच बंद झाले. काही जण वटावाची नोंद उलटवतात. तो वटाव दोन महिने आधी मिळालेल्या पैशांचा मोबदला होता, तो परत येत नाही. बँक व्यापाऱ्याकडून पूर्ण रक्कम आणि नोटरी खर्च वसूल करते, आणि तेवढेच येणे मसालेवाल्यावर चढते.

मसालेवाल्याचे खाते नावे 60,200
बँक खात्याला 60,200

मसालेवाल्याच्या वहीत देय विपत्र 60,000 आणि नोटरी खर्च 200 नावे पडतात, व्यापाऱ्याचे खाते 60,200 ने जमा होते.

त्याच दिवशी दोघांत तडजोड झाली. मसालेवाल्याने नोटरी खर्चासह 20,200 रोख दिले आणि उरलेल्या 40,000 साठी दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यावर 12 टक्क्यांनी व्याज 800 होते. व्याज आधी त्याच्या नावे टाकावे, नाहीतर नव्या विपत्राची रक्कम जुळत नाही.

मसालेवाल्याचे खाते नावे 800
व्याज खात्याला 800

रोख खाते नावे 20,200
प्राप्य विपत्र खाते नावे 40,800
मसालेवाल्याच्या खात्याला 61,000

त्याचे खाते आता शून्यावर आले. 4 जुलैपासून दोन महिने तीन दिवस मोजले की नव्या विपत्राची तारीख 7 सप्टेंबर निघते. पण त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर पैसे आदल्या कामकाजाच्या दिवशी द्यावे लागतात, असे 1881 चा परक्राम्य संलेख कायदा सांगतो. म्हणून मसालेवाल्याला 40,800 रुपये 6 सप्टेंबरलाच तयार ठेवावे लागले.