घाईतला इंडिकेटर

इंडिकेटरचे जुने बल्ब काढून एलईडी बसवले, की बऱ्याच गाड्यांत टिकटिक एकदम दुप्पट वेगाने सुरू होते. एलईडी खराब निघाले असं समजून लोक दुकानात परत जातात. बल्ब बहुधा चांगलेच असतात. ते गेले आहेत, असं फक्त गाडीला वाटत असतं.

कारण हा वेग म्हणजे मुळात एक इशारा आहे. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं अपेक्षित असतं आणि हे काम फ्लॅशर करतो. जाता येता तो बल्बकडे जाणारा करंटही पाहतो. करंट कमी झाला, म्हणजे एखादा बल्ब उडाला असं समजून तो टिकटिक वाढवतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या लक्षात यावं. साध्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि फेंडरवर ५ वॅट, असे मिळून ४७ वॅट असतात. मागचा बल्ब काढून तीनेक वॅटचा एलईडी लावला, की उरतात जेमतेम २९. फ्लॅशरच्या हिशेबी मागचा बल्ब गेला.

खर्च करण्याआधी जुना बल्ब परत लावून पाहावा. वेग ताळ्यावर आला तर दोष करंटचाच. नाही आला तर त्या बाजूचा दुसरा एखादा बल्ब किंवा अर्थिंग तपासावं लागेल.

बाजारात पहिला उपाय मिळतो तो लोड रेझिस्टर. सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यातला, ६ ओहम ५० वॅटचा. १२ व्होल्टला तो २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट खातो आणि जुन्या बल्बची जागा भरून काढतो. वरच्या गाडीत फक्त मागचे बल्ब बदलले असतील, तर प्रत्येक बाजूला एक रेझिस्टर पुरतो. त्याचं एक टोक इंडिकेटरच्या वायरला आणि दुसरं अर्थला जोडायचं, म्हणजे तो एलईडीला समांतर येतो. वायर कापून मध्येच बसवला, तर एलईडी पेटतो खरा, पण घाई तशीच राहते, कारण करंट वाढलेलाच नसतो. वायर नीट ओळखणंही महत्त्वाचं. टेस्ट लॅम्प लावून लुकलुकणारीच वायर निवडावी. चुकून टेललाइटच्या वायरला जोडला, तर रात्रभराच्या प्रवासात रेझिस्टर अखंड तापत राहील.

आणि तो तापतो, हीच खरी अडचण. इंजिन सुरू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं, तेव्हा रेझिस्टर सुमारे ३३ वॅट खातो. लुकलुकताना निम्मा वेळ बंद असतो, म्हणून सरासरी सोळा-सतरा धरा. एवढ्याशा डबीत तेवढी उष्णता म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नची सोबतच. वळण घेण्यापुरतं ठीक आहे. घाटात गाडी बंद पडून हॅझार्ड अर्धा तास चालू राहिले, तर हात लावता येत नाही. त्यावर लिहिलेले ५० वॅटही तो धातूवर कसून बसवला तरच खरे असतात. म्हणून डिकीतल्या पत्र्याला स्क्रूने आवळावा. प्लास्टिक, गालिचा आणि वायरींच्या जुडग्यापासून लांब. दुहेरी टेपने चिकटवलेला रेझिस्टर टेप वितळवून खाली पडतो आणि नेमका वायरींवरच टेकतो. शिवाय एलईडी लावून वाचवलेली वीज इथे उष्णता होऊन जाते, हे मला जरा विनोदीच वाटतं.

त्यामुळे जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल, तर मी तोच बदलेन. इंडिकेटर चालू करून टिकटिक कुठून येते ते ऐकावं. स्टीअरिंगखाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ बोट लावलं की ठोका जाणवतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर करंट न पाहता ठरलेल्या वेगाने चालतो. विकत घेताना जुना रिले सोबत न्यावा. पिना तेवढ्याच असल्या तरी त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. कुठली बॅटरीची, कुठली बल्बकडे जाणारी आणि कुठली अर्थची, हे अक्षरांवरून जुळवून पाहावं. दोन पिनांच्या जागी बसणाऱ्या अशा काही फ्लॅशरना अर्थची वेगळी वायर असते. ती बॉडीला जोडली नाही, तर काहीच चालत नाही.

नव्या गाड्यांत हा रिले सापडणारच नाही. तिथे लुकलुकवण्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा संगणक करतो आणि टिकटिक तर नुसता स्पीकरमधला आवाज असतो. मॉड्यूलमध्ये एलईडीची सेटिंग बदलता येत नसेल, तर रेझिस्टरशिवाय फारसा पर्याय उरत नाही.

दोन्ही उपायांत एक गोष्ट मात्र हातची जाते. उद्या एलईडी खरोखर गेला तरी रेझिस्टर करंट खातच राहतो आणि नवा फ्लॅशर तर करंट पाहतच नाही. टिकटिक शांतपणे चालू राहील आणि मागच्याला तुमचं वळण दिसणार नाही. तेव्हा अधूनमधून हॅझार्ड लावून गाडीभोवती एक फेरी मारावी.