प्रमोशनचा मेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘काम चांगलं असलं की साहेबांना दिसतंच.’

दिसतं, पण बहुतेक मोठ्या कंपन्यांत साहेब एकट्याने प्रमोशन देत नाहीत. ते नाव सुचवतात. मग विभागप्रमुख आणि एचआर एकत्र बसून सगळ्या टीममधली नावं समोर ठेवतात आणि मोजक्या जागांवर कोणाला घ्यायचं ते ठरवतात. त्या बैठकीत तुम्ही नसता. साहेबांच्या हाती तुमच्याबद्दल जेवढं असेल तेवढंच तिथे पोचतं. म्हणून मेल साहेबांना पाठवायचा असला, तरी तो तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला कळेल असा लिहावा लागतो.

‘कामांची यादी जितकी लांब, तितकं वजन जास्त.’

सर्वांत जास्त मेल इथेच फसतात. समजा, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये पुरवठादारांची बिलं बघणारी एक सीनियर एक्झिक्युटिव्ह आहे आणि तिला असिस्टंट मॅनेजर व्हायचं आहे. तिने लिहिलेली बारा कामांची यादी अशी सुरू होते: ‘वेंडर पेमेंटचं काम वेळेवर आणि जबाबदारीने केलं.’ यात खोटं काहीच नाही, पण हे तिच्या आत्ताच्या पदाचंच काम आहे. ते उत्तम केल्याबद्दल चांगलं रेटिंग किंवा बोनस मिळू शकतो. प्रमोशनच्या वेळी प्रश्न वेगळा असतो: वरच्या पदाचं काम ही आजच करते आहे का?

तिच्या बाराव्या ओळीत खरी गोष्ट दडलेली होती: ‘एमएसएमई बिलांचा फॉलोअप घेतला.’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, मुदत उलटलेली अशी रक्कम ३१ मार्चला थकलेली असेल, तर त्या वर्षी ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच वजावट मिळते. म्हणजे फॉलोअप घेणारी ही बाई कंपनीचा कर सांभाळत होती. तिची ओळ अशी हवी:

‘एप्रिलमध्ये सूक्ष्म-लघु पुरवठादारांची मुदत उलटलेली ३८ बिलं होती, डिसेंबरअखेर ४ आहेत, चारही दराच्या वादामुळे अडकलेली. बिलं स्टोअर्सच्या पोचपावतीसाठी थांबत होती, हे मी शोधलं आणि स्टोअर्सशी बोलून दर सोमवारी प्रलंबित पोचपावत्यांची यादी सुरू केली. सिस्टीममधला रिपोर्ट आयटीने बसवला. दोन ज्युनियर सहकारी आता ही यादी स्वतः चालवतात.’

आधीची स्थिती, आत्ताची स्थिती, कारण, स्वतःचा वाटा, सगळं यात आलं. दुसऱ्या विभागाकडून काम करून घेणं आणि ज्युनियरना तयार करणं ही कामं असिस्टंट मॅनेजरची, आणि तीही आली. आयटीचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. बैठकीत आयटीचे प्रमुख बसलेले असतील, आणि त्यांच्या माणसाचं काम हिने स्वतःच्या नावावर टाकलेलं दिसलं, तर उरलेल्या यादीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. राहिलेली चार बिलंही लपवायची नाहीत. आकडा शून्य सांगितला की पहिला प्रश्न तिथेच येतो.

अशा तीन-चार ओळी पुरतात. पुरावा म्हणून रिपोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते लिहावं. पुरवठादारांची नावं आणि दर मेलमध्ये नकोत, कारण हा मेल पुढे कोणाकोणाकडे जाईल सांगता येत नाही. सुरुवातीलाच मागणी स्पष्ट करावी: ‘सर, येत्या अप्रेझलमध्ये असिस्टंट मॅनेजर पदासाठी माझा विचार व्हावा, ही विनंती.’ घराचे हप्ते, नोकरीची वर्षं, शेजारच्या टेबलावरच्याला मिळालेलं पद, यातलं काहीही साहेबांना बैठकीत मांडता येत नाही. ते वगळावं.

‘अप्रेझलची पत्रं यायला लागली की मेल टाकायचा.’

तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. आर्थिक वर्षाप्रमाणे चालणाऱ्या कंपनीत एप्रिलपासून लागू होणाऱ्या बढत्यांची नावं आणि बजेट बहुधा त्याआधीच्या महिन्यांतच पक्की होतात. नावं कधी मागवली जातात ते एचआरला सरळ विचारावं आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी साहेबांशी समोरासमोर बोलावं. मेल त्या बोलण्यानंतर त्याच दिवशी पाठवावा. आधी काहीच न बोलता आलेला असा मेल अनेक साहेबांना तक्रारीसारखा वाटतो.

‘नकार आला म्हणजे यादी कमी पडली.’

नेहमीच नाही. टीममध्ये त्या पदाची जागाच नसेल, तर यादी कितीही भक्कम असली तरी तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे नकार आल्यावर एकच गोष्ट नीट विचारून घ्यावी: जागा नाही, की माझ्या कामात काही कमी आहे? कमी असेल तर नेमकं काय, आणि पुन्हा कधी बोलायचं? ‘थोडं थांब, बघू’ एवढंच उत्तर मिळालं, तर तारीख मागावी. जे ठरेल ते दोन ओळींत साहेबांना मेल करून ठेवावं, कारण साहेब बदलले तर नव्या साहेबांना दाखवायला तेवढंच हाती राहतं.